उतरलो तेरा, चढलो नऊ

कारेगावच्या माझ्या खोलीवर येणारं एकमेव टपाल म्हणजे आबांचं जोडकार्ड. एकाला एक जोडलेली दोन पोस्टकार्डं. एकावर मजकूर यायचा, दुसरं कोरं, उत्तराचं. ते फाडून, लिहून परत टाकायचं. पोस्टमन ते वाचूनच आणायचा आणि दारातून ओरडायचा, "पैलवान, या आठवड्याला वाळूची पिशवी दोन किलोनं वाढलीय बरं का!" उघड्या कार्डाला कसली लाज? चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना माझ्या बैठकांचा आकडा ठाऊक होता. माझं नाव मात्र निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

आबा म्हणजे वडिलांचे मावसभाऊ. फौजेत पीटीचे उस्ताद होते. निवृत्त होऊन दौंडला रेल्वे लायनीजवळ वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेऊन एकटे राहायचे. काकू लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मला फौजेत जायचं होतं, म्हणून मी केंदूरहून त्यांच्याकडं गेलो होतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "अंगात दम हाय, पर शिस्त न्हाई. कार्ड टाकीन. करशील त्ये लिहून धाडायचं. न्हाई केलंस तर न्हाई केलं म्हून लिहायचं."

मी दोनदा भरतीला उभा राहिलो. एकदा पळण्यात गेलो, एकदा छातीच्या मापात. मग वयाची अट ओलांडली आणि तो विषय मिटला. रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागलो, कारेगावात खोली घेतली. मला वाटलं, आता कार्डं थांबतील. पुढच्याच आठवड्यात कार्ड हजर. वर एकच ओळ होती: "भरती गेली. अंग कुठं गेलं?" आणि खाली आठवडा मांडलेला, नेहमीसारखा.

त्यांची पद्धत साधी होती. माझा हिशोब दौंडला पोचला की त्यावरून ते पुढचा आठवडा बेतायचे. ठरलेलं सगळं पुरं झालं असेल तर थोडं वाढवायचे, तेही एकाच गोष्टीत. पळण्याचं अंतर वाढलं तर वाळूच्या पिशवीचं वजन तेवढंच राहायचं, पिशवी वाढली तर पळणं तेवढंच. पुरं झालं नसेल तर तोच आठवडा पुन्हा. तीन आठवडे चढते, चौथा उतरता, अंगाला सावरायला. आजारपणानं खंड पडला तर सोडलं तिथून सुरुवात नाही, दोन आठवडे मागं जायचं. वाळूची पिशवी मी भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून आणायचो. तो प्रत्येक वेळी विचारायचा, "विकायची आहे का?" वाळू विकायला आणणारा मी एकटाच वेडा त्यानं पाहिला असणार.

लोक विचारायचे, कशासाठी एवढं? मी म्हणायचो, तब्येतीसाठी. खरं सांगायचं तर तब्येतीचं मला काही पडलं नव्हतं. आई गेल्यापासून केंदूरच्या घरात मी पाहुणा झालो होतो. भाऊ-वहिनी वाईट नव्हते, पण ताट वाढताना वहिनीला माझी भाकरी आठवून घ्यावी लागायची. कारेगावात तर पाळीवरून आलो काय आणि न आलो काय, कुणाला फरक पडत नव्हता. सगळ्या जगात एकच माणूस मला विचारत होता, 'किती केलंस?' त्या एका प्रश्नासाठी मी एमआयडीसीच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर पहाटे पळत होतो. एकटेपणाला हा इलाज आहे असं नव्हे. पण त्याला निदान वेळापत्रक मिळतं.

अक्षय्य तृतीया होऊन गेली आणि एका आठवड्यात कार्ड आलं नाही. पोस्टमन स्वतःच ओशाळल्यासारखा म्हणाला, "टपाल मागंपुढं होतं." मी तोच आठवडा पुन्हा केला. नियमच होता. त्यानंतर आलं ते साधं कार्ड होतं आणि अक्षर परकं होतं. आबांच्या खोलीखाली घरमालकीण चाची राहायच्या. चाचा रेल्वेत होते, वारले होते. चाचींनी शेजारच्या कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: आबांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लुळी आहे, दवाखान्यातून घरी आणलं आहे, तू ये.

गुरुवारी आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी. मी शिरूरला येऊन दौंडची एसटी धरली. आबा खाटेवर उताणे पडले होते. बोलणं जरा जड झालं होतं, पण डोकं शाबूत होतं आणि जिभेचा तिखटपणा तर वाढलाच होता. मला बघून म्हणाले, "हिशोब कुठाय तुझा?" मी रडायला लागलो तसे खेकसले, "रड मग. पर आधी आकडा सांग."

तिथं त्यांचा सख्खा पुतण्या आलेला होता. नाशकात चांगल्या नोकरीला. धावपळ करून दवाखान्याचं सगळं त्यानंच निभावलं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आबांना मी नाशिकला नेतो म्हटलं, तर ऐकत नाहीत. संडास खाली, नळ खाली, आणि हा जिना. दिवाळीला मी येईन. तोवर त्यांना स्वतःचं स्वतः खाली-वर करता आलं तर राहू देत इथं. नाही तर न्यावं लागेल. तूच सांग, काय चुकलं माझं?"

काहीच चुकलं नव्हतं. तेच तर दुखत होतं.

आबांना ती खोली सोडायची नव्हती. खिडकीतून गाड्या दिसायच्या. कुठली गाडी किती उशिरा आली हे ते स्टेशन मास्तरच्या आधी सांगायचे. खाली चाची होत्या. रोज सकाळी आबा वरून ओरडायचे, "चाची, चहा?" आणि चाची खालून ओरडायच्या, "फौजी, दूध आणलंत तर!" वीस-एक वर्षांत दोघं एकमेकांच्या उंबऱ्याच्या आत फारसे गेले नसतील, पण जिन्यावरचा हा संवाद चुकला नव्हता. नाशकात त्यांना खोली मिळाली असती, गादी मिळाली असती, वेळेवर जेवण मिळालं असतं. हे मिळालं नसतं.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी चाचींना सगळं दाखवून ठेवलं होतं. लुळा हात दुसऱ्या हातानं वर कसा न्यायचा, खाटेवरून उठताना भार दोन्ही पायांवर कसा घ्यायचा, घोटा कसा हलवायचा. मी चाचींकडून ते समजून घेतलं आणि निघताना आबांना म्हणालो, "कार्ड टाकीन. कराल ते लिहून धाडायचं. नाही केलं तर नाही केलं म्हणून लिहायचं."

 मग उजवा हात वर करून त्यांनी मला सलाम ठोकला. झोपल्या झोपल्या. चेष्टाच होती ती, पण हात कपाळावरून लवकर खाली आला नाही.

तेव्हापासून जोडकार्डं मी घेऊ लागलो. पहिल्या कार्डावर लिहिलं: खाटेवरून काठ धरून उभं राहणं, पाच वेळा, सकाळ-दुपार-संध्याकाळ. उत्तर आलं: "पाच, चार, तीन. संध्याकाळी पाय थरथरतो." म्हणजे पुरं झालं नव्हतं. मग तोच आठवडा पुन्हा. त्या वेळी उत्तर आलं: "पाच, पाच, पाच. चाची साक्षीला." पुढच्या कार्डावर मी सात केले. मग काठी घेऊन दारापर्यंत. मग दारापर्यंत आणि परत. उजवा हात चालत असल्यानं हिशोब ते स्वतः लिहायचे. डाव्या हातानं कार्ड दाबून धरता येत नव्हतं, म्हणून अक्षर कार्डभर सरकत जायचं. आकडे मात्र ठसठशीत.

मी पळायचो, पिशवी उचलायचो आणि माझा आकडाही खाली एका ओळीत लिहायचो. त्यांनी तसं बजावलं होतं. "तू ढिला पडलास तर मी तुझं कार्ड मानणार न्हाई." पोस्टमन आता दोन्हींकडचे आकडे वाचायचा. "आबा दारापर्यंत गेले!" असं सांगत यायचा. मला वाटतं, त्या काळात चाळीत माझ्याशी सगळ्यात जास्त तोच बोलला असेल.

मग जिना आला. तेरा दगडी पायऱ्या, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. मी एका गुरुवारी जाऊन त्यांच्यासोबत पहिली पायरी केली. बाईंनी सांगितलेलं चाची पाठ म्हणायच्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी. आबांना ते उलटंच वाटायचं. "लुळ्याला पुढं धाडायचं? फौजेत अशानं मरतील समदी." मी म्हटलं, "खाली उतरताना भार मागच्या पायावर राहतो, म्हणून मागं चांगला हवा." त्यांनी कठडा धरला आणि लुळा पाय पुढं टाकला. शिष्यानं शिकवलेलं गिळायला उस्तादाला वेळ लागतो.

एक पायरी उतरून परत वर. मग दोन, मग तीन. राखीपौर्णिमेच्या दिवसांत मी चार लिहिल्या, दिवसातून दोनदा. त्या आठवड्याचा हिशोब आलाच नाही. हिशोब नाही म्हणजे पुरं झालं नाही असं धरून मी नियमानं तोच आठवडा पुन्हा लिहून धाडला: चार पायऱ्या, दिवसातून दोनदा. झालं असं होतं, की सणात टपाल तुंबलं होतं. पहिलं कार्ड वेळेवर पोचलंच नव्हतं. माझी दोन्ही कार्डं दौंडला एकाच दिवशी, एकाच हातानं टाकली गेली.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, एकच मजकूर दोनदा आला. आबांनी दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली, चार आणि चार मिळवले आणि आठ पायऱ्या उतरायला निघाले. आठ उतरलेही. परत चढताना गुडघा दुमडला, ते पायरीवर आदळले आणि डावा घोटा मुरगळला. चाचींनी शेजारच्या पोरांना बोलावून उचलून वर नेलं.

मी गुरुवारी पोचलो तेव्हा घोट्याला पट्टा होता आणि आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. माझा संताप झाला. "तुम्हीच सांगायचात ना, दोन आठवडे एकात कोंबायचे नाहीत? माझ्यावर याच्यावरून किती ओरडलात!"

"त्ये मी उस्ताद व्हतो तवा," ते म्हणाले. "आता मी रंगरूट. दोन हुकूम आले, दोन बजावले. रंगरूटानं इचारायचं नसतं."

चाची दारातून म्हणाल्या, "मी बोलले होते, बेटा, गलतीनं दोन आलीत. ऐकतील तर ना! म्हणे फौजेत गलती नसती."

हसावं की डोकं आपटावं कळेना. मी जोडकार्ड काढून तिथंच लिहिलं आणि त्यांच्या उशाला ठेवलं. वर लिहिलं, 'हा आठवडा एकच. दोन कार्डं आली तर मागचं फाडा.' खाली लिहिलं, 'विश्रांती.' आबांनी वाचलं. "ह्यो बी हुकूम?" म्हणाले. मी हो म्हटलं. तेव्हा कुठं ते झोपले.

घोटा बरा व्हायला वेळ लागला. नंतर सुरुवात केली तीही मागून, खोलीतल्या खोलीत काठीनं. दिवाळी जवळ येत होती आणि माझ्या हातात मोजकेच आठवडे उरले होते. एकदम दोन-तीन पायऱ्या वाढवाव्यात असं फार मनात यायचं. पेन टेकवून बसायचो. मग त्यांचा मुरगळलेला घोटा आठवायचा आणि एकच वाढवायचो. घाई करून वाढवलेलं ते अंग परत मागून घेतं, हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. पण तेव्हा मला भरतीची घाई होती, आता त्यांच्या खोलीची. ही घाई जास्त वाईट.

उतरणं आधी जमलं. एका उत्तरात आलं: "उतरलो तेरा. चाचीच्या दारात खुर्चीवर बसलो. चहा घेतला. चढलो पाच, बाकी पोरांनी आणलं." मी ते कार्ड उशाशी ठेवून झोपलो. नंतर चढलो सहा. मग सात. मग आठ.

दिवाळीला कंपनी बंद होती. मी दौंडलाच होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या जीप घेऊन आला. सोबत बायको, फराळाचे डबे. आबा इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून खुर्चीत ताठ बसले होते. सकाळीच आम्ही जिना केला होता. नवव्या पायरीवर पाय थांबला होता आणि चाचींनी हात दिला होता. म्हणजे अजून चार उरल्या होत्या. हिशोबानं म्हटलं तर महिन्याभराचं काम.

पुतण्यानं विचारलं, "काय आबा, जिना जमतोय का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दारातून चाचीच म्हणाल्या, "जमतोय की! सकाळीच खाली येऊन गेले. खुशाल ऱ्हाऊ द्या त्यांना." चाचींचा चेहरा बघून कुणीही विश्वास ठेवला असता. पुतण्याही ठेवायला तयार होता. मला वाटतं, त्यालाही तेच हवं होतं. तो हसून खुर्चीत मागं रेललासुद्धा.

आबा म्हणाले, "उतरतो तेरा. चढतो नऊ."

 पुतण्याची बायको करंजीचा डबा उघडत होती, ती थांबली.

"नवव्याला चाची हात देती," आबांनी पुरवणी जोडली.

पुतण्या खुर्चीत पुढं सरकला. मग हळू म्हणाला, "मग मी कसं ठेवू तुम्हाला इथं, आबा?"

सामान फार नव्हतं. एक ट्रंक, गादी, स्टोव्ह, फौजेतला एक जाड स्वेटर. मी ट्रंकेत कपडे कोंबत होतो आणि आतून पेटलो होतो. पुतण्या खाली गेल्यावर मी तोंड उघडलं. "तेरा म्हणायला काय झालं होतं? चार पायऱ्यांचा प्रश्न होता. महिन्यात त्या झाल्याच असत्या. एकदा, आयुष्यात एकदा खोटं बोलला असतात तर काय आभाळ कोसळलं असतं?"

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. डावा हात उजव्यानं उचलून वर ठेवलेला. ते शांतपणे म्हणाले, "तेरा म्हनलो असतो. मग फुडल्या आठवड्याचं कार्ड तू कशावर लिव्हलं असतंस?"

 ट्रंकेचं झाकण लागत नव्हतं, त्यावर बसलो.

ते जिना स्वतः उतरले. तेराच्या तेरा. आधी लुळा पाय, मग चांगला. चाची खाली उभ्या होत्या, पदराचं टोक तोंडात धरून. आबांनी त्यांच्या दारात थांबून म्हटलं, "चाची, चहा?"  रोजचं उत्तर त्या दिवशी मिळालं नाही. जीप गेली. मी आणि चाची रिकाम्या जिन्यावर बसलो आणि पुतण्याच्या बायकोनं दिलेल्या करंज्या खाल्ल्या. कुणी कुणाला धीर दिला नाही. दोघांकडंही नव्हता.

मी कारेगावला परत आलो आणि आठवड्यानं, सवयीनं, नाशकाच्या पत्त्यावर जोडकार्ड टाकलं. खरं तर आता कसली पायरी आणि कसला आठवडा? पुतण्याच्या इमारतीला लिफ्ट होती. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आलं. अक्षर पहिल्यापेक्षा जास्त सरकलं होतं: "घर सपाट. संडास आत. करण्यासारखं काही न्हाई. लिफ्टच्या शेजारी जिना हाय, कुणी वापरत न्हाई. चढलो नऊ."

म्हणजे नऊवरच होते. मागं गेले नव्हते. मी लिहिलं: दहा.

दहाला त्यांना दोन आठवडे लागले. अकराला एक. मध्ये थंडीनं पाय आखडला, आम्ही दोन आठवडे मागं गेलो आणि परत आलो. माझ्या पाळ्या चालू होत्या, पळणं चालू होतं, पिशवी जड होत होती. एका गुरुवारी दौंडला जाऊन चाचींना भेटलो. वरच्या खोलीत रेल्वेचा कुणी नवा पोरगा राहायला आला होता. तो दोन-दोन पायऱ्या गाळत धडाधड उतरला आणि आम्हाला न बघता निघून गेला. चाची म्हणाल्या, "चांगलाय. आवाज लई करतो. पण वरून हाक नाही मारत." त्यांनी आबांसाठी निरोप दिला, दूध आणलंय म्हणून सांग. मी तो कार्डावर लिहिला.

पौष संपता संपता पोस्टमन धावत आला. खरंच धावत. सायकल चाळीच्या तोंडाशी टाकून. "आबा चढले की हो!" तो दारातच म्हणाला. मी कार्ड घेतलं. त्यावर होतं: "चढलो तेरा. कठडा धरला. माणूस न्हवतं."

पोस्टमन उभाच होता. मला वाटलं, मी काहीतरी म्हणावं म्हणून तो थांबलाय. मी म्हटलं, चहा घेता का? तो आत आला, माझ्या खोलीत बसला आणि चहा प्यायला. त्या खोलीत बसून कुणीतरी चहा प्यायल्याची ती पहिलीच वेळ असावी.  कप ठेवताना त्यानं विचारलं, "आता बंद का हो कार्डं? जमलं की त्यांना सगळं."

तो गेल्यावर मी नवं जोडकार्ड काढलं. दौंडचा जिना तेरावर संपत होता. मी नाशकाचा पत्ता लिहिला, नेहमीसारखी माझ्या पळण्याची ओळ लिहिली आणि पुढचा आठवडा मांडला: चौदा.